तारीख हलली की मेलचा विषयही हलवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, कुपवाड आणि तासगाव इथल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये यंत्रांच्या देखभालीच्या तारखा जुळवणं हे माझं रोजचं काम. नवा बेदाणा फेब्रुवारीपासून यायला लागतो, त्यामुळे कॉम्प्रेसर उघडून बघायचा तर तो जानेवारीतच. एका कामात स्टोअरेजचे मालक, पुण्याहून येणारे सर्व्हिस इंजिनिअर, वायरमन, हायड्रा क्रेनवाले आणि ज्यांचा माल आत आहे ते व्यापारी असे आठ-दहा जण असतात. तारीख एकदा ठरते आणि निदान दोनदा हलते. दर हंगामात तेच प्रश्न मला फोनवर आणि मेलवर विचारले जातात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. पडद्यावरची नावं जीमेलमधली आहेत. दुसरी मेलसेवा वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे.

१. नवी तारीख मेलच्या मजकुरात स्पष्ट लिहिली आहे. मग विषय बदलायची गरजच काय?

कारण मजकूर वाचायला मेल उघडावा लागतो, आणि विषय न उघडताच दिसतो. तीस-चाळीस मेलांची साखळी झाली की कोणी सगळी वाचत नाही. माणूस एसटी स्टँडवर उभा राहून फोन काढतो, यादीत “13 जानेवारी, कॉम्प्रेसर ओव्हरहॉल” एवढं बघतो आणि फोन खिशात टाकतो. त्याच्या दृष्टीने तारीख कळली. नवी तारीख सत्ताविसाव्या मेलच्या तिसऱ्या ओळीत आहे हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी तारीख आठवडाभर पुढे गेली, मी मजकुरात व्यवस्थित लिहिलं, सगळ्यांना पाठवलं आणि विषय तसाच ठेवला. जुन्या तारखेला सकाळी सात वाजता फोन आला, “ताई, हायड्रा घेऊन गेटवर उभा आहे, आत कोणी दिसंना.” अर्ध्या दिवसाचं भाडं द्यावं लागलं, आणि ते मागणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या मेलच्या डोक्यावर तीच तारीख होती.

२. विषय नेमका कधी बदलायचा? तारीख बदलू या असं कोणी म्हटलं की लगेच?

नाही. कोणी नुसतं सुचवलं असेल तर विषयाला हात लावू नका. तीन जणांनी तीन तारखा सुचवल्या आणि तीनदा विषय बदलला, तर मूळ दुखण्यापेक्षा औषधच भारी व्हायचं. ज्यांच्याशिवाय काम होणार नाही त्यांचा होकार आला की, तारीख पक्की झाल्याचं सांगणाऱ्या त्याच मेलमध्ये विषय बदला. “विषय नंतर बदलते” असं म्हटलं की मधल्या वेळात दोन-तीन उत्तरं जुन्या विषयावर येतातच.

जुनी तारीख नक्की गेली पण नवी अजून ठरली नाही, ही वेगळी अवस्था आहे. त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

३. जीमेलमध्ये उत्तर देताना विषय दिसतच नाही. तो बदलायचा कसा?

संगणकावर आधी `Reply all` दाबा, म्हणजे सगळे जण मेलमध्ये राहतील. उत्तराच्या चौकटीत वर डावीकडे, नावांच्या शेजारी एक छोटा बाण असतो. तो दाबला की यादी उघडते, त्यात `Edit subject` आहे. ते निवडलं की उत्तर वेगळ्या खिडकीत उघडतं आणि विषयाची ओळ लिहिता येते. पुढचं `Re:` काढून टाका, कारण हा मेल आता नव्या साखळीचा पहिला मेल होणार आहे.

फोनवरच्या ॲपमध्ये खालच्या छोट्या चौकटीत उत्तर लिहीत असाल तर विषय दिसत नाही. उत्तर पूर्ण पडद्यावर उघडा, म्हणजे वर विषयाची ओळ दिसते. आउटलुकमध्येही विषय दिसत नसेल तर उत्तर वेगळ्या खिडकीत उघडून बघा.

एक गैरसमज नेहमी दिसतो. संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये आलेल्या मेलचाही विषय खोडून नवा लिहून ठेवता येतो. पण तो फक्त तुमच्या पेटीत बदलतो, बाकीच्यांना काहीच दिसत नाही. एका स्टोअरेजच्या हिशेबनिसांनी असं अख्खं साल केलं आणि “मी तर दरवेळी बदलतो” असं ते मनापासून सांगत होते.

४. नव्या विषयात काय लिहायचं, आणि कोणत्या क्रमाने?

सगळ्यात आधी तारीख. फोनच्या पडद्यावर विषयाची सुरुवात तेवढी दिसते, शेपूट कापलं जातं. “कुपवाड येथील कोल्ड स्टोअरेजच्या अमोनिया कॉम्प्रेसरच्या वार्षिक ओव्हरहॉलबाबत दि.” एवढं लिहिल्यावर तारखेला जागाच उरत नाही. मी असा लिहिते:

```
20 जानेवारी, मंगळवार: कॉम्प्रेसर ओव्हरहॉल, कुपवाड (बदल 1)
```

महिना अक्षरात लिहा. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावरून बाहेरगावच्या कंपनीशी घोळ होतो. वार लिहाच, कारण तारीख लिहिताना बोट चुकलं तर वार जुळत नाही आणि कोणीतरी विचारतं. ही फुकटची तपासणी आहे. शेवटी कंसात बदलाचा क्रमांक. पेटीत दोन वेगळ्या तारखांचे मेल दिसले तर नंतरचा कोणता हे त्यावरून कळतं. “मोठी तारीख ती नवी” हा नियम चालत नाही, कारण तारीख कधी कधी अलीकडेही आणली जाते.

आकडे देवनागरी की इंग्रजी? काहीही चालेल, पण सगळ्या साखळीत एकच. संगणकासाठी १३ आणि 13 ही वेगळी अक्षरं आहेत, एक टाकून शोधलं तर दुसरं सापडेलच असं धरून चालू नका. पुण्याचे इंजिनिअर इंग्रजी कळफलकावरून लिहितात, म्हणून मी विषयात इंग्रजी आकडेच ठेवते.

आणि बोलण्यातले शब्द विषयात नकोत. “परवा” हा आपल्याकडे होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. “पुढचा मंगळवार” म्हणजे हा येणारा की त्यानंतरचा, यावर मिरजेत आणि पुण्यात एकमत नाही. एका घरातही नसतं.

५. विषय बदलला की साखळी तुटते म्हणतात. मग आधीचं बोलणं हरवणार नाही का?

तुटते हे खरं आहे, हरवत नाही. प्रत्येक मेलला `Message-ID` नावाची स्वतःची ओळख असते. उत्तर पाठवलं की त्यात `In-Reply-To` आणि `References` या ओळींत आधीच्या मेलची ओळख नोंदली जाते. तुम्हाला या ओळी दिसत नाहीत, पण साखळी त्यांच्यावर विणलेली असते. जीमेल याशिवाय विषयही जुळवून बघतं, आणि विषय बदलला की नवी साखळी सुरू करतं. थंडरबर्डसारखा प्रोग्राम मात्र मुख्यतः या ओळींवर चालतो, त्यामुळे तिथे नव्या विषयाचा मेल जुन्या साखळीच्या पोटातच दिसू शकतो. म्हणून एकाच मेलबद्दल एक जण “वेगळा आला” म्हणतो आणि दुसरा “त्यातच आहे” म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात.

आपल्या कामाला साखळी तुटणं सोयीचंच आहे. जुन्या तारखेचं बोलणं जुन्या पुडक्यात राहतं आणि नव्या तारखेचं नव्यात. फक्त नव्या साखळीचा पहिला मेल स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहावा लागतो. नवी तारीख, वेळ, जागा, कोणी यायचं, आधी ठरलेल्यापैकी काय कायम आहे आणि काय रद्द झालं, हे सगळं त्यात पुन्हा. “बाकी आधी ठरल्याप्रमाणे” हे वाक्य टाळा, कारण ते वाचणाऱ्याला परत जुन्या साखळीत पाठवतं आणि तिथे जुनी तारीख वाट बघत बसलेली असते. खाली चिकटलेला जुना मजकूरही कापून टाका. जीमेलमध्ये तो तीन ठिपक्यांमागे लपलेला असतो, दिसत नाही म्हणून तसाच जातो.

जोडलेल्या फायलींचं लक्षात ठेवा. उत्तर देताना मूळ मेलमधल्या फायली सोबत जात नाहीत. कामाचा आराखडा किंवा सुट्या भागांची यादी नव्या मेलला पुन्हा जोडावी लागते, आणि फायलीच्या नावात जुनी तारीख असेल तर तीही बदलावी लागते.

जाता जाता, तुम्ही विषय न बदलताही जीमेलमध्ये साखळी तुटू शकते. शंभराच्या वर मेल गेले की ते आपोआप नवी साखळी सुरू करतं, तोच विषय घेऊन. मग जुन्या तारखेच्या दोन साखळ्या होतात.

६. जुन्या साखळीचं काय करायचं? ती तशीच सोडून द्यायची?

तशीच सोडलीत तर ती जिवंत राहते आणि लोक त्यातच उत्तरं देत बसतात. तिला एक शेवटचा मेल लागतो. पण इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि सगळ्यात जास्त घोटाळा याच जागी होतो. जुन्या साखळीत मेल टाकला की ती पेटीत उसळी मारून सगळ्यात वर येते, अर्थात जुनी तारीख कपाळावर घेऊनच. म्हणून आधी जुन्या साखळीत शेवटचा मेल, आणि लगेच पाठोपाठ नव्या विषयाचा मेल. उलट केलंत तर नवी तारीख खाली आणि जुनी वर.

जानेवारी २०२६ मधलं एक काम नमुना म्हणून घेऊ. ओव्हरहॉल मंगळवार, १३ जानेवारीला ठरला होता. शनिवारी, १० तारखेला कळलं की पिस्टन रिंग आणि गॅस्केटचा संच वेळेत येत नाही. १४ ला संक्रांत, त्यामुळे त्या आठवड्यात माणसं मिळणं अवघड. मालक आणि इंजिनिअर यांच्याशी फोनवर बोलून मंगळवार, २० जानेवारी ठरली. मग मी दोन मेल लिहिले. पहिला जुन्या साखळीत, `Reply all` करून, विषय न बदलता:

```
13 जानेवारी रद्द. काम आता 20 जानेवारी, मंगळवारी.
या मेलला उत्तर देऊ नका. नवा मेल लगेच येतो आहे.
```

पहिलेच शब्द “13 जानेवारी रद्द” असण्याला कारण आहे. पेटीच्या यादीत विषयाच्या शेजारी किंवा खाली ताज्या मेलची पहिली ओळ थोडी दिसते. जुना विषय मला पुसता येत नाही, पण त्याला चिकटून “रद्द” हा शब्द ठेवता येतो. “नमस्कार, आपण सर्व कुशल असाल” याने सुरुवात केली असती तर ती जागा वाया गेली असती. नमस्कार पुढच्या मेलमध्ये.

दुसरा मेल नव्या विषयाचा, प्रश्न ४ मधला. त्यात: काम मंगळवार, २० जानेवारीला सकाळी ७ ला सुरू. १३ तारीख रद्द, कारण सुटे भाग आले नाहीत. इंजिनिअर आदल्या रात्री सांगलीत मुक्कामी. हायड्रा ७ ला गेटवर. वायरमननी सोमवार, १९ ला संध्याकाळी पॅनल तपासायचं. खोली क्रमांक ३ मधला माल हलवायचा नाही, हे आधी ठरलं होतं ते कायम. शेवटी एक ओळ, “मिळालं तर ‘20 ठीक’ एवढंच उत्तर द्या.” नुसतं “ठीक” का नको, ते प्रश्न ११ मध्ये.

सोमवारी, १९ ला दुपारी हायड्रावाल्यांनी गाडी दुसरीकडे अडकल्याचं कळवलं आणि काम गुरुवार, २२ वर गेलं. पुन्हा तेच दोन मेल, त्याच क्रमाने, विषयात “(बदल 2)”. मात्र आदल्या दिवशी दुपारी मेलवर विसंबून राहत नाहीत. त्या दिवशी मी आधी सात फोन केले आणि मग मेल लिहिले. इंजिनिअर तोवर पुण्यातून निघालेले नव्हते, हे नशीब.

७. जुनी तारीख नक्की रद्द झाली, पण नवी ठरायला आठवडा लागेल. तोवर विषय काय ठेवायचा?

असा:

```
रद्द: 13 जानेवारी. कॉम्प्रेसर ओव्हरहॉल, नवी तारीख ठरायची आहे
```

इथे “रद्द” तारखेच्या आधी हवं. शेवटी लिहिलंत तर फोनवर शेपटासकट तेच कापलं जाईल आणि उरेल फक्त “13 जानेवारी”. नव्या तारखेची चर्चा याच विषयाखाली होऊ द्या. ठरली की प्रश्न ६ प्रमाणे ही साखळीही बंद करून नवी उघडा. “पोस्टपोन” किंवा “पुढे ढकलली” असं मोघम लिहू नका. पुढे म्हणजे कधी, हे वाचणारा स्वतःच्या मनाने ठरवतो.

८. सगळं केलं, तरी एकाने जुन्या साखळीतच उत्तर दिलं. आता?

हे होणारच. फोनमध्ये जुना मेल उघडा राहिलेला असतो, किंवा माणसाने नाव शोधून सापडला त्या पहिल्या मेलवर उत्तर दिलेलं असतं. महत्त्वाचं एवढंच की तुम्ही तिथे उत्तर देऊ नका. दिलंत तर साखळी परत वर येते आणि बाकीचेही तिकडे वळतात. त्यांचं म्हणणं उचला, नव्या साखळीत जा आणि तिथे लिहा, “दादांनी विचारलं आहे की व्हॅन कुठे लावायची, तर मागच्या गेटला.” ज्यांनी जुन्यावर लिहिलं त्यांना एकट्याला फोन करा. सगळ्यांसमोर “कृपया नवीन मेल वाचावा” असं लिहिलेलं कोणाला आवडत नाही, आणि पुढच्या वेळी ते उत्तरच देत नाहीत.

उत्तरात नवा प्रश्न नसून होकार असेल तर तो कोणत्या तारखेला आहे ते विचारल्याशिवाय धरू नका. प्रश्न ११ पाहा.

९. मेल साहेबांनी सुरू केला होता. त्यांचा विषय मी बदलला तर ते उद्धटपणाचं दिसणार नाही का?

हा प्रश्न नव्याने कामाला लागलेली मुलं विचारतात आणि तो अगदीच गैरलागू नाही. साहेबांचा मेल तुम्ही खोडत नाही, तुमच्या उत्तराला तुमचं शीर्षक देता. तरीही पहिल्यांदा करताना फोनवर एक वाक्य बोलून घ्यावं, “साहेब, तारीख बदलली म्हणून मेलच्या विषयात वीस तारीख टाकते.” मला आजवर कोणी नको म्हटलेलं नाही. खरी अडचण वेगळी आहे. दोघांनी एकाच वेळी विषय बदलला तर दोन नव्या साखळ्या होतात, म्हणून विषय कोणी बदलायचा हे एकावर ठेवा. आमच्याकडे जो तारीख जुळवतो तोच बदलतो, मग मेल कोणीही सुरू केलेला असो.

१०. विषयात “13 ऐवजी 20 जानेवारी” असं लिहिलं तर जास्त स्पष्ट नाही का?

वाचायला स्पष्ट वाटतं, पण मी लिहीत नाही. यादीवर नजर टाकणारा “ऐवजी” वाचत नाही, त्याला दोन आकडे दिसतात, आणि त्यातला त्याच्या डोक्यात आधीपासून असलेला १३ त्याला ओळखीचा वाटतो. शिवाय पुढची सगळी उत्तरं तोच विषय घेऊन फिरतात, म्हणजे मेलेली तारीख महिनाभर तुमच्यासोबत. “13 टाकून शोधलं तर नवा मेल सापडावा म्हणून” असं काही जण म्हणतात. जीमेलचा शोध मजकुरातही बघतो, त्यामुळे जुनी तारीख पहिल्या मेलच्या मजकुरात एकदा लिहिलेली पुरते. प्रश्न ७ मधला “रद्द” हा एवढाच अपवाद, कारण तिथे दुसरी तारीखच नसते.

११. तारीख बदलली पण वार तोच राहिला, मंगळवारचा मंगळवार. मग काही वेगळं करायचं का?

हो, आणि हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. १३ आणि २० जानेवारी दोन्ही मंगळवार. रविवारी, ११ तारखेला व्यापाऱ्यांपैकी एकांचं उत्तर येतं, “ठीक आहे, मंगळवारी भेटू.” त्यांनी नवा मेल वाचला आहे की जुना, हे या वाक्यावरून कळायला मार्ग नाही. वार बदलला असता तर त्यांची चूक लगेच दिसली असती. इथे वार तपासणीचं काम करत नाही, उलट चूक झाकतो.

म्हणून अशा वेळी होकार आकड्यासकट मागा, “20 ठीक” असा. नुसता वार लिहून आलेल्या प्रत्येकाला फोन करा. उत्तर कोणत्या विषयाखाली आलं आहे हेही बघा. “(बदल 1)” असलेल्या साखळीत आलं असेल तर बहुतेक नवा मेल वाचला आहे, जुन्या साखळीत आलं असेल तर वाचला नाही असंच धरा. जमत असेल तर तारीख ठरवतानाच दुसरा वार निवडा. मी आता सुचवताना ते बघते, पण इंजिनिअर मंगळवारीच मोकळे असतील तर काय करणार.

१२. सगळ्यांना कॅलेंडरचं निमंत्रणही पाठवलं होतं. मेलचा विषय बदलला की ते आपोआप बदलतं का?

नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. कॅलेंडरमध्ये जाऊन तीच नोंद उघडा, तारीख बदला आणि सगळ्यांना कळवायचं का असं विचारल्यावर हो म्हणा. प्रत्येक नोंदीला आतून एक कायमची ओळख असते. तीच नोंद हलवली तर लोकांच्या कॅलेंडरवरही तीच हलते. जुनी तशीच ठेवून नवी नोंद केलीत तर त्यांच्याकडे दोन्ही दिवशी ओव्हरहॉल दिसतो, आणि जुन्या दिवशी सकाळी फोन इमानदारीने वाजतो.

नोंदीच्या नावात तारीख कधीच लिहू नका. गूगल कॅलेंडर बदलाचा मेल पाठवताना नाव तसंच ठेवून पुढे नवी तारीख जोडतं. मग `Updated invitation: 13 जानेवारी ओव्हरहॉल` आणि त्यापुढे २० तारीख, असा विषय तयार होतो. मेलच्या विषयात तारीख पहिली, कॅलेंडरच्या नावात तारीख नाहीच.

१३. तारीख १३ वरून २० वर गेली आणि परत १३ वर आली. मग जुनी साखळीच पुन्हा वापरू का?

मोह होतो, पण नको. त्या साखळीतला शेवटचा मेल “13 जानेवारी रद्द” सांगतो आहे. ती उघडणारा तोच वाचेल. नवी साखळी काढा:

```
13 जानेवारी, मंगळवार: ओव्हरहॉल पुन्हा याच तारखेला (बदल 2)
```

बदलाचा क्रमांक इथे खरा उपयोगी पडतो, कारण आता पेटीत १३ तारखेचे दोन विषय आहेत. मजकुरात पहिल्याच ओळीत लिहा की मधली २० तारीख रद्द. ही पाळी आली तर फोनही कराच, कारण दोनदा बदल झाल्यावर लोक मेलवर विश्वास ठेवायचं सोडतात.

१४. मुख्य तारीख तीच आहे, फक्त वायरमनचा दिवस बदलला. तरी विषय बदलायचा?

विषयात जी तारीख आहे ती हलली नसेल तर नाही. त्याच साखळीत कळवा, आणि ज्याचा दिवस हलला त्याला वेगळा मेल, त्याच्या तारखेच्या विषयाचा. आठ जणांच्या डोक्यात दुसरी तारीख घालण्यात अर्थ नाही.

रात्रीच्या कामाला मात्र थोडं जपा. “20 ला रात्री 2 वाजता पॅनल बंद” म्हणजे २० ची पहाट की २१ ची? बोलण्यात आपण झोपेपर्यंत तोच दिवस धरतो, घड्याळ बाराला बदलतं. तिथे विषयात “20 रात्र ते 21 पहाट” असं दोन्ही लिहा.

१५. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची तारीख बदलली. विषय बदलून मेल पाठवला की झालं का?

नाही. सभेची नोटीस ही कायद्याने मागितलेली गोष्ट आहे. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. तारीख बदलली तर नवी नोटीस सचिवांनी रीतसर काढायची, आणि दिवस नव्याने मोजायचे. मेलचा विषय त्या नोटिशीची जागा घेत नाही. नवी नोटीस मेलने पाठवताना मात्र प्रश्न ४ आणि ६ तसेच लागू आहेत, विशेषतः जुनी नोटीस त्याच साखळीत पडलेली असेल तर.

१६. आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. तिथे तर विषयच नसतो.

तिथे विषयाचं काम पिन केलेला संदेश करतो. नवी तारीख लिहिलेला संदेश पिन करा आणि जुना पिनवरून काढा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येतो, तेव्हा काम होईपर्यंत टिकेल असा काळ निवडा. जुना संदेश दुरुस्त करायला पाठवल्यापासून १५ मिनिटंच मिळतात, त्यानंतर तो तसाच राहतो. ग्रुपच्या नावातच कोणी तारीख घातली असेल तर पहिल्यांदा ती काढा. आमच्या एका ग्रुपचं नाव अजून “१३ जाने. ओव्हरहॉल” आहे. ग्रुप ज्यांनी केला त्यांना सांगितलं आहे, ते म्हणतात पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.